रिव्हर्स सर्चला काही सापडत नाही, मेटाडेटाही कोरा: जाहिरातीतला फोटो उचललेला आहे का, हे कसं तपासायचं?

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिराती तपासणाऱ्यांची एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की त्याच मॉडेलचे ढीगभर फोटो येतात, पण नेमका तोच फोटो काही येत नाही. टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकला की निकाल शून्य. मग फोटो उतरवून घेऊन मेटाडेटा उघडावा, तर तिथे ना कॅमेऱ्याचं नाव, ना तारीख. इथे आल्यावर काही जण "कुठेच सापडला नाही, म्हणजे याचाच फोटो असणार" असं समजून आगाऊ रक्कम पाठवून मोकळे होतात. काही जण "मेटाडेटा पुसलाय, म्हणजे लबाडच" असं ठरवून चांगला सौदा सोडून देतात.

दोघांचाही निष्कर्ष चुकीचा आहे. सर्चचं शून्य आणि कोरा मेटाडेटा या दोन गोष्टी फोटोबद्दल काहीच सांगत नाहीत. त्या फक्त साधनांच्या मर्यादा दाखवतात. काम पुढे न्यायचं असेल तर फोटोत फेरफार करणाऱ्याने काय केलं असेल ते ओळखून ते उलटं करायचं आणि मग पुन्हा शोधायचं. खाली एका सायकलच्या जाहिरातीवर ही पद्धत करून दाखवली आहे. कॅमेरा, गिटार, लॅपटॉप, फर्निचर, कशालाही ती तशीच लागू पडते.

आधी सर्च का फसतो ते

लेन्स आणि टिनआय वरवर सारखी वाटतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. लेन्स आधी फोटोत कोणती वस्तू आहे ते ओळखतो आणि तशाच दिसणाऱ्या वस्तू समोर आणतो. म्हणून निळ्या हायब्रिड सायकलचा फोटो टाकला की दुकानांचे कॅटलॉग फोटो धो धो येतात. त्यावरून मॉडेल कोणतं ते कळतं, फोटो कुणाचा ते कळत नाही. निकालांमध्ये `Exact matches` नावाचा वेगळा टॅब असतो. आपल्याला हवं ते तिथे असण्याची शक्यता जास्त, आणि बरेच लोक तो उघडतच नाहीत.

टिनआय वस्तू ओळखण्याच्या फंदात पडत नाही. तो चित्राचा एक ठसा काढतो आणि आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतो. फोटो लहान केला, रंग थोडे बदलले, कडा कापल्या तरी हा ठसा बऱ्यापैकी टिकतो. पण तीच सायकल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोनातून टिपली असेल, तर टिनआयच्या दृष्टीने तो वेगळाच फोटो.

दोघांनाही सापडतं ते त्यांच्या क्रॉलरने, म्हणजे वेबवरची पानं आपोआप पाहत फिरणाऱ्या प्रोग्रामने, कधीतरी पाहिलेलं. खरेदी-विक्रीची कितीतरी पानं लॉगिनच्या आत किंवा फक्त अ‍ॅपमध्ये असतात. चॅटच्या ग्रुपमधून उचललेला फोटो किंवा व्हिडिओ थांबवून घेतलेली फ्रेम यांना वेबवर पत्ताच नसतो. काही जाहिराती तर क्रॉलर पोहोचायच्या आतच काढल्या जातात. तेव्हा शून्य निकालाचा अर्थ "आमच्या साठ्यात नाही" एवढाच घ्यायचा.

शोधायला टाकायची प्रत नीट घ्या

अर्धी निराशा इथेच टळते. मोबाइलवर अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढून तो तसाच सर्चला दिला, तर वरची पट्टी, बटणं, किंमत सगळं चित्रात येतं आणि जुळणी बिघडते. शक्यतो कॉम्प्युटरवर जाहिरात उघडा, फोटोवर क्लिक करून तो मोठा करा आणि मग राइट क्लिक करून वेगळ्या टॅबमध्ये उघडा. पत्त्यात `w=400` किंवा `width=400` असं काही दिसलं तर तो आकडा वाढवून पाहा. पुष्कळ साइट्स मोठी प्रत ठेवतात आणि पानावर फक्त छोटी दाखवतात. स्क्रीनशॉटशिवाय इलाजच नसेल तर फोटोबाहेरचं सगळं कापून टाका.

आणि जाहिरातीतले सगळे फोटो शोधा. फोटो उचलणारा माणूस पहिल्या, देखण्या फोटोवर मेहनत घेतो. चौथा, पाचवा, थोडा अंधारा, गिअरचा किंवा टायरचा जवळून घेतलेला फोटो तो बहुतेक वेळा तसाच ठेवतो. मी सुरुवातच शेवटच्या फोटोपासून करतो.

सायकलची जाहिरात

ओळखीतल्या एकाने ही जाहिरात पाठवली होती. चार फोटो, वर्णन मोघम, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, आणि विक्रेता म्हणतो की सायकल राखून ठेवायची तर थोडी रक्कम आधी पाठवा. लेन्समध्ये नेहमीचे कॅटलॉग फोटो आले आणि टिनआयवर काही नाही. अशा वेळी सर्च बाजूला ठेवून आधी फोटो नीट पाहायचा.

पहिल्या फोटोत सायकल बाजूने दिसते. चेन आपल्या बाजूला आहे आणि पुढचं चाक डावीकडे. इथेच थांबायला हवं. सायकलची चेन चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. म्हणजे चेन समोर दिसेल असा फोटो काढला तर पुढचं चाक फोटोत उजवीकडेच यायला हवं. ते डावीकडे असेल तर फोटो आरशातल्यासारखा उलटवलेला आहे. काही बीएमएक्स सायकलींमध्ये चेन मुद्दाम डावीकडे बसवतात, तो अपवाद. साध्या हायब्रिड सायकलीत तसं नसतं. डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक खूण मिळते. ब्रेकच्या चकत्या डाव्या बाजूला असतात, त्यामुळे चेनच्या बाजूने पाहताना त्या स्पोकच्या पलीकडे दिसायला हव्यात. या फोटोत चकत्या पलीकडेच होत्या, म्हणजे बाकीची रचना बरोबर होती आणि अख्खं चित्रच फिरवलेलं होतं.

फोटो का फिरवतात? आडव्या दिशेने उलटवला की ठसा बदलतो आणि अगदी तसाच फोटो शोधणाऱ्या सर्चला तो ओळखता येईलच असं नाही. माणसाला मात्र काही फरक जाणवत नाही. अडचण फक्त अक्षरांची होते, कारण ती उलटी दिसतात. म्हणून फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरचं कंपनीचं नाव पुसून टाकलेलं असतं.

ही पुसलेली जागा तीनशे टक्के मोठी करून पाहा. आजूबाजूच्या रंगात बारीक दाणे दिसतात, पुसलेल्या भागात पृष्ठभाग लोण्यासारखा सपाट होतो. या फोटोत नळीखालून जाणारी गिअरची केबल त्या पट्ट्यापाशी अंधूक होऊन संपत होती आणि चार बोटं पुढे पुन्हा सुरू होत होती. नळीवर वरून पडलेली उजेडाची रेघही मध्येच तुटली होती. कंपनीचं नाव जिथे असायला हवं नेमकी तीच जागा, आणि अक्षरं पुसण्याचं प्रामाणिक कारण विक्रेत्याकडे क्वचितच असतं. नंबर प्लेट किंवा घरातल्या माणसाचा चेहरा झाकणं समजण्यासारखं आहे. विकायच्या वस्तूवरचं नाव कुणी का झाकेल?

इतर वस्तूंमध्येही अशा डाव्या-उजव्या खुणा असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचं बटण धरणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. मागे शेल्फवर पुस्तकं, भिंतीवर घड्याळ किंवा कॅलेंडर असेल तर त्यांची अक्षरं सुलटी आहेत का पाहा. वस्तूवरची अक्षरं पुसणारा पार्श्वभूमीतली विसरतो.

उलटवा, कापा, पुन्हा शोधा

फोनच्या गॅलरीत फोटो आडवा उलटवायची सोय एडिटमध्येच असते. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक हा फोटोवर काम करणारा प्रोग्राम असेल तर एक ओळ पुरते:

```
magick photo1.jpg -flop photo1-ulat.jpg
```

`-flop` डावं-उजवं फिरवतो, `-flip` वरचं खाली करतो. इथे नेहमी `-flop` हवा.

पुढची पायरी कापण्याची, आणि ती लोक उलट करतात. बहुतेक जण वस्तूभोवती घट्ट चौकट करतात, त्यामुळे लेन्सला सायकलशिवाय दुसरं काहीच दिसत नाही आणि तो पुन्हा कॅटलॉगकडे जातो. चौकट अशी घ्या की वस्तूचा थोडाच भाग आणि पार्श्वभूमी भरपूर येईल: मागचं चाक, त्यामागची भिंत, फरशीचा सांधा, कोपऱ्यातली कुंडी. त्या मॉडेलच्या हजारो सायकली असतील, पण त्या भिंतीसमोर, त्या कुंडीशेजारी उभी असलेली एकच.

उलटवून कापलेला फोटो लेन्समध्ये टाकल्यावर `Exact matches` मध्ये एक जुनी जाहिरात आली. साइट वेगळी, विक्रेता वेगळा. तीच सायकल, तीच भिंत, आणि नळीवर कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. लेन्समध्ये काही आलं नसतं तर हीच प्रत टिनआय, बिंग आणि यांडेक्समध्येही टाकायची. प्रत्येकाचा साठा वेगळा आहे. एका ठिकाणी काही नसलं तरी दुसरीकडे मिळतं, असं वरचेवर होतं.

दोन प्रती मिळाल्या, मूळ कोणती?

जुळणारा फोटो मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. कुणी कुणाचा घेतला ते ठरवायचं असतं, आणि इथे तारखेवर फार भिस्त ठेवू नका. टिनआयमध्ये निकाल `Oldest` प्रमाणे लावता येतात, पण तिथली तारीख त्यांच्या क्रॉलरने ती प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हाची असते. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो. खऱ्या मालकाची जाहिरात उशिरा दिसली आणि चोराची आधी, असंही होऊ शकतं.

चौकटीची तुलना जास्त भरवशाची. कापलेल्या प्रतीतून कापलेला भाग परत आणता येत नाही, म्हणून जिच्यात कडेला जास्त दिसतं ती प्रत मूळच्या जवळची. सायकलच्या बाबतीत जुन्या जाहिरातीतला फोटो रुंद होता. कडेला पावसाच्या पाण्याचा पाइप आणि दुसऱ्या सायकलचं अर्धं चाक दिसत होतं. नव्या जाहिरातीत चौकट नेमकी पाइपाच्या अलीकडे संपत होती. नव्या प्रतीत असं काहीच नव्हतं, जे जुन्या प्रतीत नाही. शिवाय जुनीत नाव आहे आणि नवीत पुसलेलं आहे. या दोन गोष्टी मिळून दिशा स्पष्ट होते: नवी प्रत जुनीवरून बनली.

उलट, समोरच्या विक्रेत्याच्या फोटोत कडेला जास्त काही दिसत असेल, तर कदाचित त्याचाच फोटो दुसऱ्या कुणीतरी उचलला असेल. एकच माणूस दोन-तीन साइटवर जाहिरात टाकतो हेही ध्यानात ठेवा. वर्णनाची भाषा, गाव, नाव जुळत असेल तर संशयाला जागा नाही. जुनी जाहिरात उतरवलेली असेल तर तिचा पत्ता `web.archive.org` वर टाकून पाहा, जपून ठेवलेली प्रत कधी कधी मिळते.

चारही फोटोंचा आकार पाहणंही इथे कामाला येतं. साइट फोटो लहान करते, पण लांबी-रुंदीचं प्रमाण बहुधा तसंच राहतं. फोनचा कॅमेरा साधारणपणे 4:3 मध्ये फोटो काढतो आणि मोठे कॅमेरे 3:2 मध्ये. या जाहिरातीतला गिअरचा फोटो 1080×2400 च्या जवळचा, उंच आणि अरुंद होता. ते प्रमाण फोनच्या अख्ख्या स्क्रीनचं आहे, म्हणजे तो बहुधा स्क्रीनशॉट. स्वतःच्या सायकलचा फोटो काढायचा सोडून कुणी स्क्रीनशॉट का घेईल, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारण्यासारखा आहे.

मेटाडेटा कोरा का असतो

कॅमेरा किंवा फोन फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती लिहितो. त्यात उपकरण कोणतं, फोटो कधी काढला, आणि परवानगी असेल तर कुठे काढला, हे सगळं येतं. पण बहुतेक साइट्स फोटो चढवताना तो पुन्हा दाबतात आणि ही माहिती काढून टाकतात. विक्रेत्याच्या घराचा अक्षांश-रेखांश जगजाहीर होऊ नये, हेही त्यामागचं एक चांगलं कारण. त्यामुळे जाहिरातीतून उतरवलेल्या फोटोचा मेटाडेटा तपासून हाती काही लागत नाही. खऱ्याचाही कोरा आणि खोट्याचाही कोराच.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तरी तेच होतं, आणि `HD` निवडलं तरी फोटो पुन्हा दाबला जातोच. मूळ फाइल हवी असेल तर तो `Document` म्हणून पाठवायला सांगा किंवा ईमेलला जोडायला सांगा. विचारताना एवढं नक्की म्हणा: "ठिकाणाची माहिती काढून पाठवलीत तरी चालेल." घराचा पत्ता कळेल या धास्तीने प्रामाणिक माणूसही नाही म्हणू शकतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

सायकलवाल्याने डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवली. मेटाडेटा वाचणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रामने ती अशी तपासली:

```
exiftool -a -G1 -s IMG-20230812-WA0012.jpg
```

```
[System]  FileModifyDate : (आजची तारीख)
[JFIF]    JFIFVersion    : 1.01
[File]    ImageWidth     : 1200
[File]    ImageHeight    : 1600
```

एवढंच. `Make` नाही, `Model` नाही, `DateTimeOriginal` नाही. पण या वेळी कोरेपणाही काहीतरी सांगतो, कारण मागितली होती मूळ फाइल. आणि तिच्या नावातच उत्तर आहे. `IMG-`, मग तारीख, मग `WA` आणि क्रमांक, असं नाव अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप आपल्यातून आलेल्या-गेलेल्या फोटोंना देतं. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोचं नाव असं नसतं. म्हणजे ही फाइल आधीच एकदा व्हॉट्सअ‍ॅपमधून फिरून आलेली आहे. नावातली तारीख फोटो काढल्याची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्या-गेल्याची. फोटो त्याने स्वतः काढून कुणाला पाठवला असेल आणि आता मूळ सापडत नसेल, अशी शक्यता उरते. म्हणून हा पुरावा एकट्याने निर्णायक नाही, पण रुंद चौकटीच्या जुन्या जाहिरातीशेजारी ठेवला की त्याला वजन येतं.

असाच आणखी एक माग फेसबुकवरून उतरवलेल्या फोटोंत बऱ्याचदा राहतो. एक्झिफ जातं, पण आयपीटीसी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या मेटाडेटात, `SpecialInstructions` या रकान्यात, `FBMD` ने सुरू होणारी लांब ओळ राहते. "माझ्या फोनमधली मूळ फाइल" म्हणून आलेल्या फोटोत ती दिसली, तर तो बहुधा फेसबुकवरून उतरवलेला आहे.

मेटाडेटा भरलेला असला तरी कुठे चकतो

पहिली ठेच `FileModifyDate` ची. नवखा माणूस तारीख पाहतो आणि म्हणतो, "फोटो आजचाच आहे." ती तारीख तुमच्या डिस्कवरच्या फाइलची आहे, म्हणजे तुम्ही ती उतरवून घेतल्याची. म्हणूनच वरच्या कमांडमध्ये `-G1` आहे, त्याने प्रत्येक ओळ कुठून आली ते समोर येतं. `[System]` लिहिलं असेल ते सगळं तुमच्या कॉम्प्युटरचं, फोटोचं नाही. फोटो काढल्याची वेळ पाहायची ती `[ExifIFD]` खालच्या `DateTimeOriginal` मध्ये.

दुसरी ठेच `Software` या रकान्याची. त्यात फोटोशॉपचं नाव असेल तर फोटो त्यातून गेला आहे हे खरं, पण केवळ उजेड वाढवायलाही लोक ते वापरतात. आणि आयफोनमध्ये इथे `17.4.1` असा नुसता आकडा दिसतो, तो आयओएसची आवृत्ती आहे. इतर काही फोन तिथे आपल्या फर्मवेअरचं नाव लिहितात. ते पाहून "एडिट केलाय" म्हणणं अन्यायाचं होईल.

एक चांगली गोष्टही आहे. पुष्कळ कॅमेरे मोठ्या फोटोच्या आत त्याचीच एक चिमुकली प्रत ठेवतात. काही एडिटर मोठा फोटो बदलतात, पण ही प्रत बदलायची राहून जाते. ती बाहेर काढता येते:

```
exiftool -b -ThumbnailImage photo.jpg > thumb.jpg
```

मोठ्या फोटोत भिंत कोरी आणि छोट्या प्रतीत तिथे पाइप, असं दिसलं तर आणखी काही शोधायची गरज नाही. छोटी प्रत नसेल तर त्यावरून मात्र काही ठरत नाही.

आणि ही मर्यादा मनात पक्की असू द्या: एक्झिफ कुणालाही बदलता येतं. एक ओळ टाकली की सगळ्या तारखा बदलतात. म्हणून सुसंगत, भरलेला मेटाडेटा हा आधार मानावा, हमी मानू नये. खोटं पकडायला तो जास्त उपयोगी, खरं सिद्ध करायला कमी. चारही फोटो एकाच फोनचे आहेत का, तारखा एकमेकींशी आणि विक्रेत्याच्या सांगण्याशी जुळतात का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

इथे बरेच जण एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस सुचवतात, ज्यात फोटो पुन्हा सेव्ह करून कुठला भाग किती बदलतो ते चकाकत्या नकाशासारखं दाखवलं जातं. जाहिरातींच्या फोटोंसाठी मी ते वापरू नका असंच सांगेन. साइटने फोटो लहान करून पुन्हा दाबला की फेरफाराचे माग बहुतांशी सपाट होतात, आणि ठळक कडा, अक्षरं, स्पोक हे कुणी हात लावला नसला तरी चकाकतात. सायकलच्या फोटोत तर अख्खं चाक चकाकेल. त्यापेक्षा केबल कुठे तुटते ते डोळ्यांनी पाहणं कितीतरी खात्रीचं.

तरीही ठरत नसेल तर: आत्ता काढलेला फोटो

सगळे सर्च कोरे, मेटाडेटा नाही, उलटवल्याची खूण नाही, असंही होतं. तेव्हा मागायचा तो जुन्या फोटोत असूच शकत नाही असा नवा फोटो. नुसता तारखेचा कागद शेजारी ठेवा म्हणणं पुरेसं नाही, कारण कागद नंतर चिकटवता येतो. वस्तूचीच अवस्था बदलायला सांगा. सायकल असेल तर हँडल पूर्ण डावीकडे वळवलेलं, डावं पेडल सर्वांत खाली, सीटवर एक चमचा ठेवलेला, असा एकच फोटो. मागणी विचित्र असली तरी खऱ्या मालकाला एका मिनिटाचं काम. तयार फोटोंच्या जोरावर विकणाऱ्याला ती पुरी करता येत नाही. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर हेच करायला सांगा, आणि काय करायचं ते कॉल सुरू झाल्यावर सांगा.

दुसरी मागणी अनुक्रमांकाची. सायकलचा क्रमांक बहुधा पेडलचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो, त्या जागेच्या खालच्या अंगाला कोरलेला असतो. त्यासाठी सायकल उलटी करावी लागते, म्हणून जाहिरातीच्या फोटोंत तो जवळपास कधीच नसतो आणि उचललेल्या फोटोंच्या संचात तो मिळत नाही. क्रमांकाचा जवळचा फोटो आणि त्यातच सायकल ओळखू येईल असा थोडा भाग, असं एकत्र मागा. नुसता क्रमांक कोणत्याही सायकलचा असू शकतो.

आमच्या विक्रेत्याने आधी फोनचा कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं, मग सायकल भावाकडे असल्याचं, आणि मग पुन्हा आगाऊ रकमेचा विषय काढला. व्यवहार तिथेच थांबवला.

या तपासातून काय सिद्ध झालं ते नेमकं सांगायला हवं. फोटो त्याने काढलेला नव्हता आणि तो ओळखू येऊ नये म्हणून फिरवून, कापून, पुसून घेतला होता, एवढं नक्की. सायकल त्याच्याकडे नव्हतीच, हे फोटोवरून सिद्ध होत नाही. त्याने ती जुन्या मालकाकडून घेतली असेल आणि आळसाने जुनाच फोटो वापरला असेल, ही शक्यता कागदावर उरतेच. पण आळशी माणूस फोटो जसाच्या तसा टाकतो. उलटवून नाव पुसण्याची मेहनत तो घेत नाही. नुसत्या जुन्या फोटोपेक्षा फेरफार केलेला जुना फोटो मी कितीतरी गंभीर मानतो, तो याच कारणाने.

तक्रार करायची असेल तर आधी पुरावा जपा, कारण अशी जाहिरात एका दिवसात गायब होते. पानाचा पत्ता, पूर्ण पानाची पीडीएफ, उतरवलेले फोटो जसेच्या तसे (उलटवलेली प्रत वेगळ्या नावाने), आणि जुन्या जाहिरातीचा पत्ता एका फोल्डरमध्ये ठेवा. साइटला कळवताना "फोटो चोरीचा वाटतो" एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याला काही हाती लागत नाही. असं लिहा: "पहिला फोटो आडवा उलटवून पाहा, तो या पत्त्यावरच्या फोटोशी जुळतो. डावीकडचा पाइप कापलेला आहे आणि फ्रेमवरचं नाव पुसलेलं आहे." हे ताडून पाहायला त्याला अर्धं मिनिट लागतं. जुन्या जाहिरातीवर संपर्काची सोय असेल तर त्या मालकालाही कळवा. आपल्या फोटोवर दुसराच कुणी पैसे मागतोय, याची त्याला बहुधा कल्पना नसते, आणि फोटोच्या मालकाची तक्रार साइटवाले सहसा लवकर ऐकतात.